चाळीस सौद्यांची झडती

इंट्राडे ट्रेडिंग शिकणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. इंडिकेटरने फसवलं, ही ती तक्रार. हा संवाद अशाच एका विद्यार्थ्याशी झालेला आहे. तो पुण्यात आयटीमध्ये नोकरी करतो. दोन लाखांचं भांडवल आहे आणि दोन महिन्यांत त्याने शेअर्समध्ये चाळीस इंट्राडे सौदे केले. त्याची पद्धत अशी : पंधरा मिनिटांच्या चार्टवर सुपरट्रेंड (१०, ३) हिरवा झाला आणि आरएसआय ५०च्या वर असला, की कॅण्डल बंद होताना खरेदी. त्या क्षणी सुपरट्रेंडची रेषा जिथे असेल तिथे स्टॉपलॉस. जोखमीच्या दुप्पट टार्गेट, नाहीतर तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर. एका सौद्यात हजार रुपयांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी बांधले आहेत, चुका मात्र जशा होतात तशाच ठेवल्या आहेत.

विद्यार्थी : सर, आधी नुसत्या आरएसआयवर काम करत होतो. ७०च्या वर गेला की विकायचो, आणि शेअर आणखी वर जायचा. म्हणून सुपरट्रेंड धरला. तो तर नेहमीच उशिरा हिरवा होतो. मी घेतलं की शेअर खाली. साडेपंधरा हजार गेले. आता एडीएक्स शिकतोय. नाहीतर सुपरट्रेंडचं सेटिंग (७, २) करून बघतो.

मी : आरएसआय कोणी दिला, ठाऊक आहे? वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन माणसाने, १९७८च्या पुस्तकात. एडीएक्स त्याच पुस्तकातला. सुपरट्रेंड नंतरचा, ऑलिव्हिए सेबाँ यांच्या नावावर असलेला, पण तो ज्या एटीआरवर उभा आहे तो एटीआरही वाइल्डरच्या त्याच पुस्तकातला. म्हणजे तू एक सोडून दुसरं धरतोयस असं तुला वाटतं, पण तिन्हींच्या पोटात एकच माल आहे : मागच्या दहा-चौदा कॅण्डलचे भाव. एकाच साक्षीदाराला तीन नावांनी तीनदा बोलावलंस, तर साक्षी तीन होत नाहीत.

विद्यार्थी : मग इंडिकेटर निरुपयोगीच म्हणायचे.

मी : तसंही नाही. त्यांच्या मर्यादा खऱ्या आहेत. जोरदार तेजीत आरएसआय ७०च्या वर बराच वेळ बसून राहतो, कारण तो गेल्या चौदा कॅण्डलमधली सरासरी वाढ आणि सरासरी घट यांची तुलना करतो, एवढंच. शेअर महाग झालाय असं तो म्हणतच नाही. बाजार साइडवेज असेल तर सुपरट्रेंड एकदा हिरवा, एकदा लाल होत स्टॉप उडवत राहतो. तो उशिरा येतो हेही खरं, कारण भाव रेषा ओलांडून बंद झाल्याशिवाय त्याला कळायचं कसं? पण तुझे साडेपंधरा हजार या मर्यादांमुळे गेले की दुसऱ्या कशामुळे, हे तुला सांगता येत नाही. मलाही येणार नाही. त्यासाठी झडती घ्यावी लागेल.

विद्यार्थी : कशाची?

मी : चाळीसही सौद्यांची. ब्रोकरच्या साइटवरून ट्रेडबुक उतरव. शंका आली की कॉन्ट्रॅक्ट नोट बघ, त्यात भाव आणि वेळ दोन्ही असतात. आठवणीवर एकही आकडा लिहायचा नाही. मग चार्ट उघडून प्रत्येक सौद्यापुढे लिही : सिग्नल किती वाजता, कोणत्या भावाला आला, तू किती वाजता, कोणत्या भावाला घेतलंस, स्टॉप कुठे असायला हवा होता, प्रत्यक्षात कुठे होता, बाहेर का पडलास. आणि शेवटच्या रकान्यात, नियम तंतोतंत पाळला असता तर काय हाती आलं असतं. नफा-तोटा रुपयांत मांडू नकोस, जोखमीच्या पटीत मांड. ठरलेले हजार रुपये म्हणजे १ आर. दोन हजार मिळाले तर अधिक २ आर, पंधराशे गेले तर उणे दीड आर.

*

त्याला हे काम करायला एक शनिवार-रविवार लागला. सोमवारी संध्याकाळी त्याने तक्ता पाठवला. फोनवर त्याच्या आवाजात आधीचा ठामपणा नव्हता, पण त्याने हारही मानलेली नव्हती.

विद्यार्थी : सर, चाळीसपैकी सतराच सौदे नियमाप्रमाणे निघाले. त्यात सहा टार्गेटला गेले, नऊंचा स्टॉप उडाला, दोन वेळेवर बंद केले. बेरीज अधिक साडेतीन आर.

मी : आणि उरलेले तेवीस?

विद्यार्थी : आठ ठिकाणी उशिरा घेतलं. पाच ठिकाणी स्टॉप खाली सरकवला. सहा ठिकाणी नफा लवकर काढून घेतला. चार ठिकाणी सिग्नलच नव्हता. सगळे मिळून उणे १५.३ आर. म्हणजे एकूण उणे ११.८ आर, अकरा हजार आठशे रुपये. वरचे सदतीसशेच्या आसपास चार्जेस.

मी : चार्जेसवर नंतर येऊ. आधी उशिराच्या आठांतला एक सौदा वाचून दाखव. भावांसकट.

विद्यार्थी : साडेदहाची कॅण्डल ६४० ला बंद झाली, सुपरट्रेंड हिरवा, आरएसआय ५० च्या वर. रेषा ६३५ ला. म्हणजे जोखीम पाच रुपये, दोनशे शेअर, टार्गेट ६५०. मी घेतलं दहा बावन्नला, ६४३.५० ला. भाव ६५०.४० पर्यंत गेला. मी विकलं नाही, कारण माझ्या भावापासून दुप्पट धरली तर टार्गेट ६६०.५० येत होतं. मग तो घसरला आणि ६३५ ला स्टॉप उडाला.

मी : शेअर किती घेतले होते?

विद्यार्थी : दोनशेच. नेहमीप्रमाणे.

मी : आता त्यात काय झालं ते बघ. नियमाने दोन हजार मिळाले असते. तुझे सतराशे गेले. सिग्नल तोच, शेअर तोच, सकाळ तीच, आणि फरक ३.७ आरचा. उशीर साडेतीन रुपयांचाच होता, पण त्याने एकाच वेळी दोन गोष्टी बिघडवल्या. स्टॉप दूर गेला, आणि टार्गेट बाजाराने गाठलं नाही इतकं वर गेलं. शिवाय संख्या तू बदलली नाहीस. ६४३.५० ला घ्यायचंच होतं तर हजाराला साडेआठ रुपयांनी भागायचं, एकशे सतरा शेअर. मग हा सौदा हरला असता तरी हजाराच्या आतच. तू त्या दिवशी मला लिहिलं होतंस, सुपरट्रेंडने पुन्हा उशिरा सिग्नल दिला. सिग्नल साडेदहाला आला होता. मधली बावीस मिनिटं कुठे गेली?

विद्यार्थी : (थांबून) रोज साडेदहाला टीमची मीटिंग असते. वीस मिनिटं.

मी : आठही उशिरा घेतलेले सौदे किती वाजताचे आहेत?

विद्यार्थी : बघतो... सहा सव्वादहा ते अकराच्या मधले आहेत.

मी : हे तुला कोणताही इंडिकेटर दाखवू शकला नसता. आठांचा नियमाप्रमाणे हिशेब काय येतो?

विद्यार्थी : तीन टार्गेटला, पाच स्टॉपला. अधिक १ आर. प्रत्यक्षात उणे ६.६.

मी : म्हणजे या एका गटाने साडेसात आरपेक्षा जास्त खाल्ले. सेटिंग (७, २) केलंस तर काय होईल? गुणक तीनचा दोन केला की रेषा भावाच्या जवळ येते, सिग्नल लवकर आणि जास्त येतात, स्टॉप छोटा होतो. मीटिंग साडेदहालाच राहते. छोट्या स्टॉपमध्ये तेवढाच उशीर आणखी महाग पडेल.

विद्यार्थी : हे मान्य. पण स्टॉप सरकवण्याचं तुम्ही माझ्या माथी मारू नका, सर. स्टॉप उडवून भाव परत वर जातो, हे मी किती वेळा पाहिलंय! म्हणून जरा जागा देतो.

मी : किती वेळा, ते तक्त्यात आहे. पाचपैकी किती परत आले?

विद्यार्थी : ...एक. ०.४ आर मिळाला. बाकी चार मिळून उणे ९.२.

मी : पाचही वेळा मूळ स्टॉपवर बाहेर पडला असतास तर उणे पाच झाले असते. झाले उणे ८.८. जो एक परत आला तो तुला लख्ख आठवतो, चार विसरलास. पण तुझा प्रश्न मी सोडून देणार नाही, कारण तो चांगला प्रश्न आहे. तो विचारायचा योग्य गट दुसरा आहे. नियमाने हरलेले नऊ सौदे घे आणि बघ, स्टॉप उडाल्यावर त्याच दिवशी किती जण टार्गेटपर्यंत गेले. बहुतेक गेले असतील, तर तुझा स्टॉप खरोखर फार जवळ आहे आणि गुणक वाढवायचा विचार रास्त ठरेल.

विद्यार्थी : ते मी पाहिलं. नऊपैकी दोन गेले.

मी : दोनवरून स्टॉप चुकीचा आहे असं म्हणता येत नाही. आकडा लिहून ठेव, पुढे मोजत राहा.

विद्यार्थी : लवकर नफा काढलेले सहा तरी बघा. सहाही फायद्यात. अधिक ३ आर.

मी : आणि ठरल्याप्रमाणे थांबला असतास तर?

विद्यार्थी : तीन टार्गेटला, दोन स्टॉपला, एक वेळेवर अधिक ०.३ ला. एकूण अधिक ४.३.

मी : इथे फरक १.३ आरचाच आहे. मला वाटत होतं याहून मोठा असेल. यावर आत्ता वेळ घालवू नकोस. मन घाबरतं, हात लवकर विकतो, हे चांगलं नाहीच. पण तुझं नुकसान इथून झालेलं नाही. झडतीत हेही कळायला हवं की कोणती चूक स्वस्त पडली. आता ते चार, ज्यांना सिग्नलच नव्हता.

विद्यार्थी : दोन तोटा भरून काढायला घेतले होते. त्याचं मी काही म्हणत नाही. पण दोन ठिकाणी सुपरट्रेंड हिरवा होता, सर, शपथेवर सांगतो. नंतर चार्ट उघडला तर लाल. हा इंडिकेटरचाच खोटेपणा आहे.

मी : घेतलं ती वेळ बघ. कॅण्डल बंद झाली होती?

विद्यार्थी : एक अकरा चाळीसची आहे. दुसरी एक सत्तावीसची.

मी : पंधरा मिनिटांच्या कॅण्डल अकरा पंचेचाळीसला आणि दीडला बंद होतात. चालू कॅण्डलमध्ये भाव रेषेच्या वर गेला की सुपरट्रेंड हिरवा दिसतो, आणि बंद होईपर्यंत भाव खाली आला तर पुन्हा लाल. तो खोटं बोललेला नाही, त्याचा निकाल लागायचा होता. तुझ्या स्वतःच्या नियमात लिहिलंय, कॅण्डल बंद होताना. मीटिंगमुळे सिग्नल हुकतात म्हणून तू इतर वेळी आधीच उडी मारायला लागलास का, हे तूच तपास.

विद्यार्थी : तसं असेल. पण सर, मीही एक बेरीज केलीय, तुम्ही सांगितली नव्हती ती. बिनसिग्नलचे चार वगळून उरलेले छत्तीसही सौदे नियमाने केले असते, तर एकूण काय आलं असतं? साडेतीन, अधिक एक, उणे पाच, अधिक ४.३. अधिक ३.८ आर. छत्तीसपैकी बारा टार्गेटला, एकवीस स्टॉपला. म्हणजे दोन महिने डोकं बाजूला ठेवून अगदी तुमच्यासारखं वागलो असतो, तरी अडतीसशे रुपये. आणि चार्जेस?

मी : मोजू. तुझा सौदा साधारण सव्वालाखाचा. येता-जाता वीस-वीस रुपये ब्रोकरेज, चाळीस. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, एकतीस. एक्सचेंजचे सात-साडेसात, ब्रोकरेज आणि त्यावर मिळून अठरा टक्के जीएसटीचे साडेआठ, स्टॅम्प ड्यूटीचे पावणेचार. सगळे मिळून एक्क्याण्णवच्या आसपास. छत्तीस सौद्यांचे तेहतीसशे.

विद्यार्थी : म्हणजे हातात पाचशे! बघा सर, शेवटी सुपरट्रेंडमध्ये दम नाही, हेच निघालं ना? माझंच म्हणणं खरं.

मी : तुझं म्हणणं कदाचित खरं असेल. ते मी नाकारत नाही. दुप्पट टार्गेट आणि एकपट स्टॉप असला, की खर्च सोडून तीनात एक सौदा जिंकला तर हिशेब शून्यावर येतो. तुझे छत्तीसात बारा, बरोबर एक तृतीयांश. वर दिसतात ते वेळेवर बंद केलेल्यांचे थोडे. तुझे चार्जेस एका सौद्याला ०.०९ आर आहेत, ते धरले तर शंभरात छत्तीस-सदतीस जिंकावे लागतील. म्हणून इंडिकेटर तुला श्रीमंत करत होता आणि तू आड आलास, असं मी म्हणणार नाही. पण इंडिकेटरचा हिशेब शून्याच्या आसपास आहे, आणि तुझं खातं साडेपंधरा हजारांनी उणे आहे. मधलं अंतर कशाने भरलंय, ते आता तुझ्याच तक्त्यात आहे.

विद्यार्थी : आणि शून्याची पद्धत घेऊन मी करू काय?

मी : शून्य आहे हे तरी कुठे ठरलंय? छत्तीसात दोन स्टॉप टार्गेट झाले असते, तर बेरीज ३.८ ची ९.८ झाली असती. दोन टार्गेट स्टॉप झाले असते, तर उणे २.२. एवढ्या लहान संख्येत दोन सौद्यांनी चांगल्याचं वाईट होतं. आणि सलग तोट्यांचं मनावर घेऊ नकोस. शंभरात चाळीस जिंकणाऱ्या चांगल्या पद्धतीतही चाळीस सौद्यांत एकदा तरी सलग पाच हरण्याची शक्यता न हरण्यापेक्षा जास्त असते. तू दर वेळी तिथेच इंडिकेटर बदलायला निघतोस. मग मोजणी पुन्हा एकपासून, आणि कोणताच इंडिकेटर कधी तपासला जात नाही.

विद्यार्थी : मग सांगा, उद्यापासून काय?

मी : सव्वादहा ते अकरामधले सिग्नल घ्यायचेच नाहीत, तक्त्यात मात्र लिहायचे. इतर वेळी भाव सिग्नलपासून जोखमीच्या चौथ्या भागापेक्षा पुढे गेला असेल तर सोडून द्यायचं. पाच रुपयांची जोखीम असेल तर सव्वा रुपया. शेअरची संख्या दर वेळी भागून काढायची. खरेदीबरोबरच स्टॉपची ऑर्डर लावायची आणि तिला हात लावायचा नाही. आणि जोखीम हजारावरून दोनशेवर आण. चार्जेस जोखमीच्या मानाने थोडे वाढतील, कारण छोट्या सौद्यात ब्रोकरेज ०.०३ टक्क्यांनी लागतं. तरी सौद्याला पंचवीस-तीस रुपयांत भागतं. दोनशे रुपये गेले तर स्टॉप सरकवावासा वाटतो का, हेही कळेल. दर शनिवारी तक्ता भर. हे शंभर सिग्नलपर्यंत, घेतलेले आणि सोडलेले दोन्ही धरून.

विद्यार्थी : आणि शंभरानंतरही शून्यच निघालं तर?

मी : तर ही पद्धत बंद. कदाचित इंट्राडेच बंद. सेबीने २०२२-२३ सालच्या इंट्राडे सौद्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता, आणि वर्षात पाचशेपेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत तोट्यातले आणखी जास्त होते. नोकरी करणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांचा चार्ट परवडत नाही, असाही निष्कर्ष तुझ्या तक्त्यातून निघू शकतो. निघाला तर मी तो तुला लपवून ठेवणार नाही.

विद्यार्थी : एडीएक्सचं तरी काय करू? मला अजून वाटतं, साइडवेज दिवस तो गाळेल. एडीएक्स २० च्या खाली असताना सुपरट्रेंड घ्यायचाच नाही, असं केलं तर छत्तीसातले बरेच स्टॉप वाचले असते.

मी : किती वाचले असते, मोजलंस?

विद्यार्थी : नाही. अंदाजाने.

मी : मग तक्त्यात एक रकाना वाढव. प्रत्येक सिग्नलच्या वेळी एडीएक्स किती होता, एवढंच लिही. जुन्या छत्तीसांचाही लिही, पण त्यावरून काही ठरवू नकोस. झालेल्या सौद्यांवर चाळणी लावली की हवे ते गाळता येतात. नव्या शंभरांत २०च्या वरचे आणि खालचे वेगवेगळे मोज. वर आणि खाली फरक दिसला, तर एडीएक्स आपण दोघं मिळून घेऊ. तोवर तो फक्त लिहायचा आहे, सौदा घ्यायला किंवा सोडायला वापरायचा नाही.

विद्यार्थी : आणि मीटिंगच्या वेळचे सिग्नल? तेही वेगळे मोजू?

मी : तेही. आणि मीटिंग पुढे ढकलता येते का, हे तुझ्या साहेबांना विचारायच्या आधी त्या वेळचे सिग्नल इतरांपेक्षा बरे निघतात का, ते पाहा.